फटीतून दिसणारा चेंडू

मुलांसाठी झोएट्रोप करायला बसले की चित्रांच्या आधी मी फटींकडे बघते. चित्रं जरा वेडीवाकडी निघाली तरी चालतात, फट चुकली की सगळंच फसतं.

काळ्या कार्डशीटची १४ सेंटिमीटर उंच आणि ६१ सेंटिमीटर लांब पट्टी घ्यायची. त्यातला एक सेंटिमीटर चिकटवायला. उरलेल्या साठात दर पाच सेंटिमीटरवर एक, अशा बारा फटी वरच्या कडेपासून पाच सेंटिमीटर खोल कापायच्या. रुंदी चार मिलिमीटर. याहून रुंद ठेवली तर चित्र पुसटतं आणि फार अरुंद केली तर अंधारून येतं. पट्टी गोल चिकटवून केक सजवायच्या फिरत्या स्टँडवर बरोबर मध्यभागी बसवायची. थोडीही एका बाजूला गेली की ती डुगडुगते. बाहेरचा रंग काळाच हवा. पांढरा असेल तर फिरताना तोच डोळ्यांत चमकतो आणि आतलं चित्र फिकं पडतं. उजेड मात्र आत पडायला हवा, म्हणून मी ते खिडकीशी ठेवते.

आतल्या खालच्या अर्ध्या भागात बारा चित्रांची पट्टी बसते. पहिला विषय म्हणून मी नेहमी उडणारा चेंडू देते. मुलं आपणहून चेंडू सारख्या अंतराने खाली आणतात. फिरवल्यावर तो पडत नाही, कुणीतरी दोरीने सोडल्यासारखा संथ उतरतो. ‘याला वजनच नाही,’ असं कुणीतरी म्हणतंच. मग पट्टी हातात घेऊन आम्ही मोजून काढतो. पहिल्या चित्रात चेंडू सर्वांत वर. पुढच्या सहा चित्रांत तो त्या जागेपासून १, ४, ९, १६, २५ आणि ३६ मिलिमीटर खाली. सातव्या चित्रात जमीन लागते. तिथून २५, १६, ९, ४, १ असा परत वर, की बाराव्यानंतर पहिलं चित्र आपोआप जुळतं. दोन चित्रांमधली अंतरं १, ३, ५, ७, ९, ११ अशी वाढत जातात. खरी वस्तू पडतानाही याच प्रमाणात वेग घेते, हे गॅलिलिओने दाखवलं होतं. हीच पट्टी सेकंदाला साधारण एक फेरा या वेगाने फिरली की चेंडू जमिनीवर आपटतो. वर पोचल्यावर तो क्षणभर रेंगाळतो, आणि ते रेंगाळणं मुलांना फार आवडतं.

आता खरा धडा. तीच पट्टी, तोच वेग, पण फटीतून न बघता वरून आत बघायचं. चेंडू नाहीसा होतो, नुसते करडे पट्टे दिसतात. पुस्तकात दृष्टिसातत्य म्हणून शिकवतात की डोळ्यात चित्र थोडा वेळ टिकतं, म्हणून हालचाल दिसते. पण वरून बघतानाही डोळा तोच आहे आणि चित्रं त्यात तशीच टिकताहेत. टिकतात म्हणूनच तर ती एकमेकांत कालवली जातात! फट डोळ्यापुढून सरकते सेकंदाच्या जेमतेम दीडशेव्या भागात. तेवढ्यात एक चित्र दिसतं, मग काळा पुठ्ठा आड येतो, मग पुढचं चित्र. चित्राचं टिकणं फार तर मधला अंधार जाणवू देत नाही. चेंडू इथून तिथे ‘गेला’ हे मेंदू ठरवतो. माक्स वर्थायमरने १९१२ मध्ये याच ठरवण्याचा प्रयोगांनिशी अभ्यास मांडला. मला वाटतं, दहा वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगत बसूच नये. त्याला आधी वरून आणि मग फटीतून बघू द्यावं.

फटीतून बघणाऱ्या हुशार नजरा आणखी एक गोष्ट पकडतात: चेंडू अंड्यासारखा उभट दिसतो. समोरची फट एका दिशेला जाते आणि पलीकडच्या भिंतीवरचं चित्र उलट दिशेला, त्यामुळे चित्र आडवं आक्रसतं. बरंच लांबून बघितलं तर रुंदी जवळजवळ निम्मी होते, डोळा फटीजवळ नेला की कमी आक्रसते. म्हणून चेंडू मुद्दाम आडवा, लंबगोल काढायचा. किती लंबगोल, ते मुलं स्वतः बघून ठरवतात.

विल्यम हॉर्नरने १८३४ मध्ये हे यंत्र सुचवलं. त्याआधीच्या, प्लॅटोने केलेल्या फिरत्या चित्रचकतीसमोर आरसा धरून एकेकट्याने बघावं लागे. इथे सगळी मुलं भोवती उभी राहतात. शेवटी मी त्याच लांबीत बारा नाही, तेरा चेंडू बसवलेली पट्टी आत घालते. फटी बाराच. चेंडू उड्या मारत मारत पलीकडची भिंत ज्या बाजूला फिरतेय तिकडे पुढे चालू लागतो. अकरा चित्रं असतील तर मागे. का, ते मी सांगत नाही. मुलं स्टँड हाताने हळूच एका फटीएवढं फिरवतात, पुढचं चित्र आधीच्याच्या जागेवर येतं का बघतात, ते किंचित पुढे गेलेलं सापडतं, आणि मग वाद सुरू होतो.