दादीचा चेहरा

अम्मी-अब्बांच्या निकाहची 1994 ची व्हीएचएस कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतली. चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं. नव्या टीव्हीसाठी ते 1440 बाय 1080 करायचं, म्हणजे चारांतले जवळजवळ तीन ठिपके नव्याने भरायचे.

आधी लँक्झॉस ही जुनी पद्धत वापरली. ती शेजारच्या ठिपक्यांवरून मधला रंग गणिताने काढते. चित्र मऊसरच राहिलं, पण त्यात परकं काही शिरलं नाही.

मग एआयचं सॉफ्टवेअर लावलं. हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्यासारखे दात ठळक झाले. जुना व्हिडिओ सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपतो. त्या आधी 'डीइंटरलेस' करून सोडवाव्या लागतात. तसं केल्यावर अम्मीच्या जवळच्या दृश्यात ओढणीची जर छान उठून दिसली.

मागे बसलेल्या दादीचा चेहरा मात्र जेमतेम वीस ठिपके रुंद. एआयने त्याला धारदार डोळे आणि गुळगुळीत गाल दिले. अम्मी बघतच राहिली. "ह्या कोण? माझ्या सासूबाई अशा नव्हत्या दिसत."

कॅसेटने जे टिपलंच नाही, ते एआय इतर चेहऱ्यांवरून शिकलेल्या अंदाजाने रंगवतं. म्हणून जवळच्या दृश्यांपुरतं एआय ठेवलं, दूरच्या चेहऱ्यांना लँक्झॉस, आणि मूळ फाईल तशीच वेगळी जपली. दादी आता धूसर दिसते, पण अम्मी तिला लगेच ओळखते.