समेवरचा शेवट

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही पाटणकर बाजाराची एक छोटी चित्रफीत दाखविली होती. तिला संगीत होते ते शेजारच्या आजोबांच्या पेटीचे. चित्र संपत आले तेव्हा गत अद्याप रंगातच होती, म्हणून आम्ही आवाज हळूहळू उतरवीत नेला आणि मोकळे झालो. पहिल्या रांगेत बसलेल्या आजोबांनी समेसाठी हात उचलला होता. सम आलीच नाही. तो हात तसाच क्षणभर अधांतरी राहिला व मग त्यांनी तो निमूटपणे मांडीवर ठेवला. ज्या ग्वाल्हेरने एका घराण्याला आपले नाव दिले, त्या गावात आम्ही हे केले!

यंदा चित्रफीत नवी, ध्वनिमुद्रण मात्र तेच घेतले. गत त्रितालातील, सुमारे साडेचार मिनिटांची. चित्र दोन मिनिटे दहा सेकंदांचे, म्हणजे १३० सेकंदांचे. निम्म्याहून अधिक वादन काढून टाकावयाचे होते, आणि तरी शेवट आजोबांचाच हवा होता.

म्हणून आम्ही शेवटापासून आरंभ केला. आजोबांची तिहाई अशी आहे: पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा विश्रांती, पुन्हा तोच तुकडा, पुन्हा विश्रांती, आणि तिसऱ्यांदा तुकडा. बेरीज सतरा. त्रितालाच्या मात्रा सोळा. तेव्हा समेवर उचललेली ही तिहाई बरोबर पुढच्या समेवर येऊन पडते. त्या अखेरच्या स्वराची आस विरावयास चार सेकंद लागतात. ही आस चित्राबरोबर संपावयाची, तर शेवटची सम १२६ व्या सेकंदाला यावयास हवी. ऑडॅसिटी या मोफत मिळणाऱ्या संगणक-साधनात आम्ही एका पट्टीवर गतीचा आरंभ ठेवला, दुसऱ्या पट्टीवर तिहाईसह शेवट ठेवला, आणि दोहोंची गाठ कोठे घालावी ते शोधू लागलो.

घड्याळ लावून पाहिले. आरंभीचे एक आवर्तन आठ सेकंदांचे होते. शेवटचे साडेसात सेकंदांचे. हात तापला की लय चढते, त्यात आजोबांचा दोष नाही. पहिली बारा आवर्तने, म्हणजे ९६ सेकंद. शेवटची चार, म्हणजे ३०. बेरीज नेमकी १२६! आम्हांस केवढा हर्ष झाला. पण ऐकून पाहतो तो सांध्यापाशी एकाएकी कोणी पाठीमागून ढकलल्यासारखे वाटे. हिशेब बिनचूक होता. कान तो मान्य करीना.

मग मधल्या भागाची मदत घेतली. तेथील आवर्तन पावणेआठ सेकंदांचे होते. आरंभीची आठ आवर्तने ६४ सेकंद, मधली चार ३१, शेवटची चार ३०, एकूण १२५. आता लय दोन पायऱ्यांनी चढू लागली व ती चढणे स्वाभाविक वाटू लागले. एक सेकंद उरला, तो आम्ही चित्रफितीच्या नावाच्या पाटीवर शांततेसाठी सोडला. चित्र लांब असते तर उलट करावे लागले असते: एखादे साधे आवर्तन दोनदा घ्यावयाचे. तानेचे मात्र घेऊ नये. तान दुसऱ्यांदा आली की लबाडी उघडी पडते.

सांधा समेच्या आघाताच्या किंचित आधी घालावा. नवा आघात जोड झाकून टाकतो. तरीही पेटीचा स्वर मध्येच तुटला की 'टक्' असा आवाज येतो, म्हणून दोन्ही तुकडे सेकंदाच्या काही शतांशांपुरते एकमेकांवर चढवावे लागतात. आमची एक चूक सांगण्याजोगी आहे. पहिल्या दिवशी आम्ही सम समजून खालीवर, नवव्या मात्रेवर, कापले. मात्रा बिनचूक पडत होत्या, पण डोळे मिटून टाळी धरली तेव्हा तबल्याचा डग्गा जेथे घुमावयास हवा तेथे मुका निघाला. अर्धे आवर्तन हरवले होते. तेव्हापासून प्रत्येक सांधा टाळी धरूनच तपासला.

दिवेलागणीच्या वेळी एक दुकानदार दिवा लावतो, हे यंदाचे शेवटचे दृश्य. ज्योत स्थिर झाली आणि सम आली. आजोबांचा हात या वेळी खाली पडला. सभागृहातून बाहेर पडताना त्यांनी आम्हांस जवळ बोलावले. आम्ही शाबासकीच्या अपेक्षेने गेलो.

"छान बसवलंत रे," ते म्हणाले, "पण दुसऱ्या जोडापाशी माझी एक तान गिळलीत. ती कुठे गेली?"

आम्ही त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन मूळ ध्वनिमुद्रण त्यांना संपूर्ण ऐकविले.