अर्धी भाकरी आणि चार हजार पावले



मागच्या वर्षी माझं वजन ७१ किलो झालं. उंची पाच फूट एक इंच. आईला साखरेचा त्रास होता, त्यामुळे माझा रिपोर्ट काठावर आला तेव्हा मी घाबरले आणि ताटातलं कमी करायला लागले. रात्रीच्या दोन भाकरींची एक केली, आमटीवरची तुपाची धार बंद केली, चार वाजताचा चिवडा सोडला. दोन महिन्यांत वजन ६८.५ वर आलं. मग पाच आठवडे काटा जागचा हलला नाही.

खाणं तेवढंच होतं, मीच बदलले होते. दुपारी डोकं जड व्हायचं, संध्याकाळी चिडचिड व्हायची. लेक एकदा म्हणाली, "आई, तू हल्ली सगळं बसल्या बसल्या मागतेस. पाणी दे, चष्मा दे, चार्जर दे." मला रागच आला. पण रात्री फोनमधला पावलांचा हिशेब उघडला, तर तिचं खरं निघालं. खाणं कमी करण्याआधी माझी रोजची सरासरी ६,२०० पावलं होती. आता ती ३,९०० वर आली होती.

खाणं कमी झालं की शरीर न सांगता काटकसर करतं. आपण मुद्दाम आळस करत नाही. भाजी ओट्याशी उभं राहून चिरायची ती खुर्चीवर बसून चिरतो, गच्चीवर दोनदा जायचं तिथे एकदाच जातो. व्यायाम सोडून दिवसभरात जी हालचाल होते, तिच्यात खर्च होणारी शक्ती माणसामाणसात फार वेगळी असते. अमेरिकेत १९९९ मध्ये १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्त खायला दिल्या होत्या. कुणाच्या अंगावर अर्धा किलोपेक्षा कमी चरबी चढली, तर कुणाच्या चार किलोपेक्षा जास्त. ज्यांची अशी हालचाल आपोआप वाढली, त्यांच्यावर कमी चढली. माझं उलट झालं होतं. ताटात जे वाचवलं, त्यातलं बरंच खुर्चीवर बसून परत केलं होतं.

पुढचा सोपा उपाय म्हणजे उरलेल्या भाकरीचीही अर्धी करणं. मी ते केलं नाही. खाणं तसंच ठेवून पावलं वाढवायची ठरवली.

आधी हिशेब मांडला. अंगणात शंभर पावलं चालून टेपने मोजलं, तर ६२ मीटर भरलं. म्हणजे हजार पावलांना साधारण ६०० मीटर. सपाट रस्त्यावर चालताना, नुसतं बसून जे खर्च होतं त्यापेक्षा जास्तीचा खर्च दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे अर्धी कॅलरी असतो. माझ्या ६८ किलोला किलोमीटरमागे ३४, म्हणजे हजार पावलांना जेमतेम २१. ३,९०० वरून ८,००० वर गेले तर रोज सुमारे ८५ कॅलरी. पन्नास ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत १७० च्या आसपास असतात, म्हणजे ही बरोबर अर्धी भाकरी झाली. महिन्याला सुमारे ३०० ग्रॅम चरबी. आकडा लहान आहे, पण त्यासाठी ताटातलं काही काढावं लागत नाही आणि भूकही फारशी वाढत नाही. शिवाय पावलांवर लक्ष राहिलं की ती आधीची गळतीही थांबते. मला तोच फायदा मोठा वाटतो.

ही ४,१०० पावलं आली कुठून, ते सांगते. बस्तीत जाताना ह्यांच्या स्कूटरवर बसायची, ते सोडलं. जाऊन येऊन १,४०० झाली. आमचं जेवण दिवस मावळायच्या आत होतं आणि नंतर मी टीव्हीसमोर बसायची. आता भांडी आवरली की उजेड असेपर्यंत पंधरा मिनिटं गल्लीत चालते, ती १,५००. माहेरचा फोन आला की हॉलमध्ये फेऱ्या मारत बोलते, ती ७०० च्या आसपास. गच्चीवर वाळवण आणि कपडे एकाच खेपेत न नेता दोन-तीन खेपा करते, त्यात उरलेली ५००. पावसाळ्यात हिरवळीवर पाय द्यायचा नाही, म्हणून गल्लीतलं चालणं हॉलमध्ये होतं. यासाठी वेगळे कपडे लागत नाहीत, घामही येत नाही.

चुकाही केल्या. पहिल्याच आठवड्यात दहा हजारांच्या मागे लागले. हा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होतं. मला ते टाचदुखीने भोवलं. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकवेनात, कारण सगळं चालणं फरशीवर अनवाणी होत होतं. मग घरातही मऊ चप्पल घातली, आकडा खाली आणला आणि आठवड्याला पाचशेच वाढवली. टाच कुरकुरली की तो आठवडा तिथेच थांबायचं.

दुसरी चूक मनगटावरच्या पट्ट्याची. भाकरी थापताना हात हलतो, तेही तो पावलं म्हणून मोजतो. त्यामुळे साधन एकच ठेवा आणि स्वतःच्याच जुन्या आकड्याशी ताडून पाहा. तो दाखवतो त्या कॅलरींवर तर मुळीच जाऊ नका. '३५० खर्च' पाहून मी दोनदा बर्फी खाल्ली. त्या आकड्यात बसून खर्च झाला असता तोही धरलेला असू शकतो.

तिसरी चूक म्हणजे रात्री साडेदहाला उरलेली सहाशे पावलं पुरी करत हॉलमध्ये फिरणं. सासूबाई उठून म्हणाल्या, "काय हरवलंय गं?" त्या दिवसापासून रोजचा आकडा सोडला आणि आठवड्याचे ५६,००० धरले. एक दिवस पाच हजार, एक दिवस दहा, चालतं. उपवासाच्या दिवशी आकडा बघतच नाही. सामायिकाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असतो. पारण्याच्या सकाळी काटा एक किलो खाली दिसतो, तो बहुतेक पाण्याचा असतो. म्हणून वजनाचीही आठवड्याची सरासरीच बघते.

दहा आठवड्यांत वजन ६८.५ वरून ६६.४ वर आलं. भाकरी एकच होती, तुपाचा अर्धा चमचा तर मी परत सुरू केला. एक लाडू जास्त झाला की त्या दिवसाची पावलं गेली, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. ज्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत किंवा गुडघ्याचा जुना त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

तुमचा काटा अडला असेल, तर ताटातली भाकरी मोडण्याआधी फोनमधली मागच्या तीन महिन्यांची पावलं बघा. फोन दिवसभर ओट्यावरच पडून राहत असेल, तर आधी आठवडाभर कमरेला छोट्या बटव्यात ठेवा आणि मगच आकडा धरा.