बैलाच्या श्रमावाचूनचे ताट : ऋषिपंचमी

१. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरोघरी मोदक उकडतात आणि दुसऱ्याच दिवशी त्याच घरात फोडणीचा वास येत नाही. चुलीवर दहाबारा भाज्या एकत्र शिजत असतात. त्यांत तेल नसते, आणि पानात रोजचा भात वा पोळीही नसते. दीड दिवसाचा गणपती ज्या दिवशी पोचवला जातो तोच हा दिवस, ऋषिपंचमी. या साध्या पानामागे इतिहासाचे तीन थर आहेत.

२. पहिला थर वैदिक आहे. तैत्तिरीय संहितेत इंद्र आणि विश्वरूप यांची कथा येते. त्वष्ट्याचा पुत्र विश्वरूप याला इंद्राने मारले आणि ब्रह्महत्येचे पातक त्याच्या माथी आले. त्याने त्या पातकाचे तीन वाटे केले आणि पृथ्वी, वृक्ष व स्त्रिया यांना एकेक दिला. पृथ्वीवर त्याच्या खुणेदाखल भेगा पडल्या, झाडाला डिंक आला आणि स्त्रीला रजोदर्शन.

३. या कथेची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. वाटा घेणाऱ्या प्रत्येकाने मोबदल्यात वर मागून घेतला आहे. खणलेली पृथ्वी वर्षाच्या आत भरून येईल, तोडलेल्या झाडाला पुन्हा धुमारे फुटतील, आणि ऋतुकालानंतर स्त्रीला संतती लाभेल. म्हणजे मूळ कथेत पातक आणि सृजनशक्ती एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत. पुढच्या परंपरेने पातक लक्षात ठेवले, वराचा मात्र तिला बहुतांशी विसर पडला.

४. दुसरा थर पुराणकथेचा. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड ग्रंथ रचला. त्याच्या व्रतखंडात ऋषिपंचमी आहे. हे व्रत भविष्योत्तर पुराणाच्या आधारे सांगितले जाते. व्रताचे कारण म्हणून इंद्राच्या पातकाचीच कथा पुढे येते, फक्त वाटेकरी बदललेले असतात.

५. व्रतकथा विदर्भात घडते. तिथे एक शेतकरी ब्राह्मण आणि त्याची पत्नी राहत होती. रजस्वला असताना तिने घरातील भांड्यांना शिवाशिव केली, म्हणून पुढच्या जन्मी ती कुत्री झाली. तिच्या संसर्गात राहिला म्हणून तो बैल झाला. दोघेही आपल्याच मुलाच्या घरी आले. मुलाने बापाचे श्राद्ध मांडले, त्याच दिवशी बैलाला उपाशीपोटी राबवले. श्राद्धाच्या खिरीत सापाने गरळ टाकले. ब्राह्मणांचा जीव जाऊ नये म्हणून कुत्रीने ती बाटवली, आणि सुनेने तिला मारले.

६. रात्री गोठ्यात कुत्री आणि बैल एकमेकांना आपापले दुःख सांगतात आणि मुलगा ते ऐकतो. तो रानात ऋषींकडे जातो. ऋषी त्याला हे व्रत सांगतात, तो ते करतो, पुण्य आईबापांना अर्पण करतो आणि दोघे मुक्त होतात. इथे एक बाब नीट पाहण्यासारखी आहे. ज्या कथेच्या आधारे हे व्रत स्त्रियांचे मानले जाते, त्या कथेत व्रत हाती घेतो तो पुरुष आहे.

७. धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांचे निरीक्षणही याच दिशेचे आहे. हे व्रत आरंभी अधिक व्यापक असावे आणि पुढे ते मुख्यतः स्त्रियांकडे राहिले, असे त्यांना दिसते. श्रावणीच्या वेळी पुरुष जे करतात ते शेजारी ठेवले तर हे अधिक उमगते. श्रावणी पौर्णिमेला भस्म, गोमय, मृत्तिका यांनी स्नान होते आणि अरुंधतीसह सप्तर्षींचे पूजन होते. तीन आठवड्यांच्या आत तेच ऋषी आणि तसेच शुद्धिस्नान स्त्रियांच्या वाट्याला येते. फरक इतकाच की एका ठिकाणी कारण वेदाध्ययनाचे आहे आणि दुसऱ्या ठिकाणी देहधर्माचे.

८. महाराष्ट्रात हे व्रत विशेषतः ब्राह्मण घरांतील स्त्रिया करीत आल्या आहेत. कोणी लग्नानंतर ते धरते आणि सात वर्षे करून उद्यापन करते. पाळी थांबल्यानंतर ते धरणाऱ्या स्त्रियाही पुष्कळ असतात, कारण आयुष्यभरात कळत-नकळत झालेल्या स्पर्शदोषाचे एकदाच निरसन करावे ही त्यामागची भावना असते. ऋषीची भाजी मात्र व्रत न धरणारेही आवडीने खातात, आणि अनेक घरांत आज तेवढीच उरली आहे.

९. स्नानाचा विधी दुपारचा आहे, कारण ज्या दिवशी मध्यान्ही पंचमी असेल तो दिवस या व्रतासाठी घेतात. नदीवर, तळ्यावर, नाहीतर घरच्या विहिरीवर जायचे. पहिले काम दात घासण्याचे, आणि त्यासाठी काडी आघाड्याचीच हवी. ती तोडण्याआधी वनस्पतीची प्रार्थना करतात. काड्यांची संख्या घराण्यानुसार ठरते. कुठे सात, कुठे एकशे आठ. नेपाळात तीजेनंतर येणाऱ्या याच पंचमीला तीनशे पासष्ट काड्या घेतात, वर्षाच्या प्रत्येक दिवसाची एक.

१०. आघाडाच का? त्याचे संस्कृत नाव अपामार्ग, म्हणजे पुसून टाकणारा. अथर्ववेदात या वनस्पतीला उद्देशून सूक्ते आहेत आणि त्यांत तिने दुरित पुसून न्यावे अशी याचना आहे. भाद्रपदात आघाडा बांधावर आणि रस्त्याकडेला आपोआप माजलेला असतो. त्याच्या तुऱ्याची फळे खालच्या बाजूला वळलेली असतात आणि कपड्याला चिकटतात. त्यावरून तो सहज ओळखता येतो.

११. दात घासून झाल्यावर तितक्याच चुळा भरतात. मग वाटलेले तीळ आणि कुटलेली आवळकाठी केसांना चोळून डोक्यावरून स्नान करतात. काही घरांत भस्म, गोमय व माती यांचाही लेप असतो. त्यानंतर धुवट वस्त्र नेसून पूजा मांडतात. आठ सुपाऱ्या किंवा दर्भाच्या आकृती मांडायच्या. त्या कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ या सात ऋषींच्या, आणि आठवी अरुंधतीची.

१२. तिसरा थर पानातला, आणि तो सर्वांत जुन्या आचाराशी जाऊन भिडतो. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाचा आहार सांगितला आहे. त्याने नांगरलेल्या जमिनीतले खाऊ नये. रानात आपोआप येणारे मुन्यन्न, म्हणजे मुनींचे धान्य, आणि कंद, मुळे, फळे व पालेभाज्या यांवर राहावे. ऋषिपंचमीला व्रतस्थ स्त्री एक दिवसापुरती हेच जगते. ऋषींची पूजा करणारी त्या दिवशी ऋषींसारखी जेवते.

१३. व्यवहारात हा नियम ‘बैलाच्या श्रमाचे खायचे नाही’ अशा शब्दांत सांगितला जातो. दोन स्वतंत्र धागे इथे एकत्र विणले गेले. वानप्रस्थाचा नियम नांगराविषयी बोलत होता, आणि व्रतकथेत नांगराला जुंपलेला बैल हा तर बापच निघाला. कथा ऐकून उठलेल्या बाईला नियमाचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तेलही याच कारणाने वर्ज्य. तेलाचा घाणा ओढतो तोही बैलच.

१४. धान्यांत वरीचे तांदूळ चालतात आणि कोकणात देवभात. देवभात म्हणजे पाणथळीत आपोआप उगवणारा रानभात, संस्कृतातला नीवार. त्याचा दाणा पिकताक्षणी गळून पडतो, म्हणून तो गोळा करायला कष्ट फार आणि हाती येते ते थोडे. गुजरातेत या दिवशी सामा खातात आणि दिवसालाच ‘सामा पाचम’ म्हणतात. हा सामा म्हणजे जुन्या ग्रंथांतला श्यामाक. इथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. वरीसुद्धा नांगर धरून पेरली असेल तर नियमात बसत नाही. चालते ते विशिष्ट नावाचे धान्य नव्हे, विशिष्ट रीतीने आलेले धान्य.

१५. भाज्यांची कसोटीही तीच. घरामागच्या परसात कुदळीने आळे करून लावलेले किंवा मांडवावर चढवलेले ते चालते. अळू, सुरण, पडवळ, दोडका, काकडी, भेंडी, लाल माठ, अंबाडी, लाल भोपळा, मक्याचे कणीस, ओल्या शेंगा, हिरवी मिरची. मृगात टोकलेले वेल भाद्रपदात फळावर येतात, म्हणजे परसाची भरभराट आणि व्रताचा दिवस एकाच वेळी येतात. त्या परसाची राखण बहुधा घरातली बाईच करीत असे.

१६. ही यादी इतिहासाच्या दृष्टीने वाचली की गंमत दिसते. मका, मिरची, भुईमूग आणि लाल भोपळा ही चारही अमेरिकेतली पिके. ती पोर्तुगीज भारतात आल्यानंतरच्या काळात इथे रुजली. हेमाद्रीच्या पानात ती असणे शक्य नव्हते, ऋषींच्या तर नाहीच. तरी ती बिनतक्रार ऋषीच्या भाजीत शिरली. कोणतेही पीक नवे की जुने हे कोणी विचारले नाही, ते बैलावाचून आले का एवढेच विचारले.

१७. भाजी करण्याचा क्रम ठरलेला आहे. सुरणाच्या फोडी, अळूची सोललेली देठे, कणसाचे तुकडे आणि शेंगदाणे आधी पाण्यात शिजवायचे. ते मऊ होत आले की भोपळा, दोडका, पडवळ. पालेभाजी सर्वांत शेवटी, नाहीतर तिचा लगदा होतो. मीठ, मिरची आणि ओले खोबरे. आंबटपणासाठी चिंच किंवा आंबाडे मात्र हवेच, कारण अळू आणि सुरण यांत सूक्ष्म सुईसारखे स्फटिक असतात आणि आंबट कमी पडले तर घसा खाजू लागतो. तूप कोणी घरचे घालतात, कोणी तेही वर्ज्य मानतात.

१८. इ. स. १७९० मध्ये पंढरपुरी काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ पूर्ण केला तेव्हा असे नियम पाळणे शक्य होते, कारण परस होते आणि बैलही होते. आज बाजारातली ऋषीची भाजी जुडी बांधून मिळते. तिच्यातले कणीस ट्रॅक्टरने नांगरलेल्या रानातले असते. बैलाचे श्रम त्यात नाहीत, पण फाळ आहे. कथेचा शब्द धरला तर ते कणीस चालते. मनूचा शब्द धरला तर चालत नाही.

१९. आज अनेक स्त्रिया हे व्रत ज्या कारणासाठी सांगितले गेले ते कारण नाकारतात. पाळी हा दोष नाही असे म्हणून त्या आघाड्याच्या काड्या बाजूला ठेवतात आणि भाजी तेवढी करतात. याला परंपरेची मोडतोड म्हणण्याआधी थरांचा क्रम आठवावा. नांगरावाचूनच्या अन्नाचा नियम मुळात वानप्रस्थाचा होता, त्याचा रजोदोषाशी काहीही संबंध नव्हता. पुराणकथेने त्याला दोषाशी बांधले. ती गाठ सोडली तरी पान उरतेच, आणि वैदिक कथेतला विसरलेला वरही.