वाचनालयातला ल

आमच्या वस्तीतल्या नव्या वाचनालयाच्या उद्घाटनासाठी चार ओळी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी होकार दिला आणि लगेच भुजंगप्रयात धरला. कारण सोपं होतं. मनाच्या श्लोकांमुळे ही चाल मराठी कानाला पाठ असते. लघु-गुरु-गुरु, लघु-गुरु-गुरु, असं चार वेळा म्हटलं की बारा अक्षरांचा चरण होतो. पण ज्याच्यासाठी कविता, तो शब्दच त्यात बसेना. 'वाचनालय' मोजून पाहा : वा गुरु, च लघु, ना गुरु, ल लघु, य लघु. भुजंगप्रयातात लघूनंतर दोन गुरू यायलाच हवेत. 'च'नंतर एक 'ना' मिळतो आणि लगेच 'ल' आडवा येतो. विभक्तीचा कुठलाही प्रत्यय लावा, तो 'ल' जागचा हलत नाही. 'ग्रंथालया' म्हटलं असतं तर बसलं असतं. पण दारावरची पाटी 'वाचनालय' अशी रंगवून झाली होती, आणि पाटीवर एक नाव नि कवितेत दुसरं, हे मला पटेना.

मग शार्दूलविक्रीडित चाचपलं. एकोणीस अक्षरांच्या त्या चरणात सहाव्यापासून दहाव्या अक्षरापर्यंत 'वाचनालय' अगदी बेमालूम बसतं. पण मंगलाष्टकं याच वृत्तात म्हणतात. पहिली ओळ कानावर पडताच निम्मे लोक अक्षता शोधू लागले असते.

शेवटी वसंततिलका. चौदा अक्षरं, गण त, भ, ज, ज आणि शेवटी दोन गुरू. सुरुवात गुरु-गुरु-लघु-गुरु-लघु-लघु. पहिला गुरू 'हे'ला दिला आणि पुढची पाच अक्षरं 'वाचनालय'नं आपणहून भरली. उरलेली आठ तासाभरात सापडली. 'सर्वांस' घ्यायचं मनात होतं, पण तिथे आधी दोन लघू हवे होते, म्हणून 'सकलांस' घेतलं. समारंभाच्या भाषेला ते शोभूनही दिसलं.

हे वाचनालय खुले सकलांस झाले,
या उंबऱ्यावर मुलांसह वृद्ध आले;
येथून एक तरि पुस्तक रोज न्यावे,
वाचून ते परत घेउन मात्र यावे.

वृत्तात लिहिताना खरी भीती भरतीच्या शब्दांची असते. एक अक्षर कमी पडलं की 'हो', 'की', 'तया' असं काहीतरी कोंबण्याचा मोह होतो. त्याची खूण सोपी आहे : शब्द काढून ओळ गद्यासारखी वाचावी, अर्थ तसाच राहिला तर तो शब्द भरतीचा. 'मात्र' मी असाच काढून पाहिला. तो गेला की ओळ नुसती आमंत्रण देते. तो असला की तिच्यात ग्रंथपालाचा आवाज येतो. म्हणून तो राहिला.

छपाईचा कच्चा कागद आला तेव्हा दोन ओळी लंगडत होत्या. 'तरि'चं 'तरी' आणि 'घेउन'चं 'घेऊन' करून कुणीतरी शुद्धलेखन सुधारलं होतं. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची एवढी मोकळीक शुद्धलेखनाच्या नियमांतच कवीला दिलेली आहे, हे सांगून दोन्ही परत ऱ्हस्व करून घेतले. तिसरी चूक बारीक होती. 'उंबऱ्यावर'मधला अर्धा र रफार होऊन 'उंबर्यावर' झाला होता. जोडाक्षराचा आघात आला की आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं, पण मराठीतला हा अर्धा र तसा आघात देत नाही. 'दऱ्या' म्हणताना द हलका राहतो, 'दर्या' म्हणताना जड होतो, तेवढाच फरक. रफार आला की 'उंब'मधला ब जड होतो आणि तिसऱ्याच अक्षराला ओळ ठेचकाळते.

म्हणणार होती दहावीतली एक मुलगी. तालमीला तिनं 'वाचनालय्' म्हटलं, जसं आपण सगळेच बोलतो. चौदाची तेरा अक्षरं झाली आणि तिची तिलाच ओळ टोचली. "आजोबा, इथे काहीतरी कमी आहे," ती म्हणाली. टेबलावर बोटानं ठोके धरून पुन्हा म्हणायला लावलं. तिनं 'य' पूर्ण उच्चारला आणि चाल सुरळीत झाली. गणांची नावं तिला ठाऊक नव्हती. कान मात्र ठीक होता.

कार्यक्रमात कविता मिनिटभरात संपली. आता शेवटची ओळ देवघेवीच्या टेबलावर कागदावर लिहून लावली आहे. वृत्तात लिहायला बसाल तर आधी ज्याच्यासाठी लिहायचं त्याच्या नावाची अक्षरं मोजा. वृत्त त्यानंतर निवडा.