काटा चालू असताना

28 मार्च 2018 या दिवशी बुधवार होता, आणि सहकारी संस्थांच्या दफ्तरांत मार्चअखेरीची जी धांदल दरसाल उडते ती तेव्हा ऐन भरात आली होती. बीड जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या संगणकजालाची देखरेख त्या काळी माझ्याकडे होती. त्या साली महाराष्ट्रात ऊस अमाप पिकला होता, त्यामुळे गळिताचा हंगाम एप्रिलमध्ये शिरणार हे उघड दिसत होते. वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरांची आणि टायरगाड्यांची रांग अहोरात्र लागलेली असे. अशा वेळी रात्री सिस्को कंपनीची सूचना आली की, तिच्या अनेक स्विचांमधील ‘स्मार्ट इन्स्टॉल’ नावाच्या सोयीत एक दोष सापडला असून, त्यायोगे कोणीही परका मनुष्य, पासवर्डाची गरज न पडता, दुरून स्विचाचा ताबा घेऊ शकतो. दोषाचा क्रमांक CVE-2018-0171 होता, आणि गांभीर्याच्या मापावर त्याला दहापैकी 9.8 गुण दिलेले होते.

कारखान्यात एकंदर चौदा स्विच होते. स्विच म्हणजे एका दालनातील संगणक, छपाईयंत्रे आणि कॅमेरे एकमेकांशी जोडणारी पेटी. तीही अखेर एक संगणकच असते आणि तिचेही सॉफ्टवेअर असते. ते बदलायचे तर नवी प्रत पेटीत उतरवून ती बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. सर्व सुरळीत पार पडले तर चार-पाच मिनिटांत पेटी जागी होते. परंतु आमच्या जुन्या पेट्यांत सॉफ्टवेअर साठवण्याची जागाच 32 मेगाबाइटची होती, आणि काहींत दोन प्रती एकत्र राहू शकत नसल्याने जुनी पुसूनच नवी उतरवावी लागे. त्या अवधीत वीज गेली (आणि मार्चमध्ये आमच्याकडे वीज जाण्यास मुहूर्त लागत नाही) तर पेटीत ना जुनी प्रत ना नवी, अशी अवस्था होते. मग कन्सोलच्या तारेने सेकंदाला 9600 बिट या मूळच्या गोगलगाईच्या वेगाने दहा-बारा मेगाबाइटची प्रत भरत बसावे लागते, आणि त्यात तीन-चार तास सहज जातात. काट्यावरचा कारकून मला एकदा म्हणाला होता, “साहेब, काटा अर्धा तास थांबला तर गाड्या पार हमरस्त्यावर जातात, अन् शिव्या मलाच बसतात.” त्याचे म्हणणे मी कधी विसरलो नाही.

तेव्हा प्रश्न असा होता की, हे 9.8 गुण पाहून त्याच रात्री चौदाही पेट्या बदलावयास काढाव्यात की हंगाम संपेपर्यंत थांबावे. ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांना पहिला मार्ग कर्तव्यदक्षतेचा आणि दुसरा निष्काळजीपणाचा वाटेल. मला मात्र हा प्रश्नच चुकीचा मांडलेला वाटतो. गुणांचा आकडा दोषाचे गांभीर्य सांगतो. माझ्या कारखान्यातील अमुक एका पेटीपर्यंत तो दोष वापरणारा मनुष्य पोहोचू शकतो की नाही, याविषयी तो मौन पाळतो. ते उत्तर जागेवर जाऊनच काढावे लागते. त्यासाठी मी दोन गोष्टी पाहतो: दोष असलेली सोय या पेटीत चालू आहे काय, आणि चालू असल्यास तिच्या दारापर्यंत कोणकोण येऊ शकते.

स्मार्ट इन्स्टॉलची कल्पना मुळात सोयीचीच होती. नवी पेटी डब्यातून काढून तारेला जोडली की तिने आपली संरचना आणि सॉफ्टवेअर एका मध्यवर्ती पेटीकडून आपोआप मागून घ्यावे, म्हणजे गावोगावच्या शाखांत जाणकार मनुष्य पाठविण्याचा खर्च वाचतो. परंतु ही सोय कंपनीकडून येतानाच चालू असे, 4786 क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवर ती कान देऊन बसे, आणि हुकूम देणाऱ्याची ओळखदेख विचारण्याची तजवीज तिच्यात केलेलीच नव्हती. आम्ही ही सोय कधी वापरली नव्हती. बहुतेकांनी वापरली नसावी. तरीही पेटीला विचारले असता उत्तर हे आले:

```
Switch# show vstack config
 Role: Client (SmartInstall enabled)
 Vstack Director IP address: 0.0.0.0
```

मध्यवर्ती पेटीचा पत्ता 0.0.0.0, म्हणजे हुकूम देणारा धनी कोणी नेमलेलाच नाही, आणि सोय मात्र चालू. दार उघडे टाकून घरमालक परगावी गेल्यासारखी ही स्थिती होती.

मग दारापर्यंत कोण येते ते पाहिले. बारा पेट्या फायरवॉलच्या आतल्या बाजूस होत्या. त्यांच्यापर्यंत बाहेरचे जग येत नव्हते, परंतु विश्रामगृहातील पाहुण्यांचे वायफाय आणि काट्याचे संगणक एकाच जालात नांदत असल्याने, विश्रामगृहात उतरलेला कोणीही लॅपटॉप उघडून 4786 वर दस्तक देऊ शकला असता. तेरावी पेटी गोदामातली, अशी जुनाट की तिच्या आवृत्तीला ही सोय बंद करण्याचा हुकूमच कळत नव्हता. चौदाव्या पेटीने मात्र माझी झोप उडवली. आधीच्या एका ठेकेदाराने इंटरनेटची तार दोन ठिकाणी वाटण्यासाठी ती फायरवॉलच्याही बाहेर बसवली होती, आणि दुरून देखभाल करता यावी म्हणून तिला सार्वजनिक पत्ता देऊन ठेवला होता. म्हणजे 9.8 गुण अक्षरशः लागू पडत होते ते चौदांपैकी एकाच पेटीला, आणि तिच्यावर काट्याचे काम मुळीच अवलंबून नव्हते.

यापुढचा विचार तात्पुरत्या बंदोबस्ताचा. कंपनीच्या सूचनेतच म्हटले होते की, ज्यांना स्मार्ट इन्स्टॉलची गरज आहे त्यांना दुसरा उपाय नाही, पण ज्यांना गरज नाही त्यांनी ती सोय बंद करावी:

```
Switch# configure terminal
Switch(config)# no vstack
Switch(config)# end
Switch# write memory
```

यात पेटी बंद होत नाही, काटा थांबत नाही. बाहेरच्या पेटीवर हा हुकूम मी त्याच रात्री दिला, आणि सकाळी जाऊन तिचा सार्वजनिक पत्ताही काढून टाकला. आतल्या बारांचे काम दुसऱ्या दिवशी एका बैठकीत उरकले. गोदामातल्या पेटीपुढे 4786 वर येणारी मागणी नाकारणारी नियमावली बांधली आणि पाहुण्यांचे वायफाय वेगळ्या जालात हलवले, जे खरे पाहता मी दोन वर्षांपूर्वीच करावयास हवे होते. बाकी प्रत्येक पेटीवर पहिला प्रश्न पुन्हा विचारून ‘disabled’ हे उत्तर डोळ्यांनी पाहिले, कारण हुकूम दिला म्हणजे तो अमलात आला असे या धंद्यात धरून चालत नाही. किंबहुना कंपनीनेच बजावले होते की, काही मॉडेलांच्या काही आवृत्त्यांत हा हुकूम पेटी पुन्हा सुरू झाल्यावर टिकत नाही. वीज जाऊन आली की दार पुन्हा उघडे! म्हणून दर वीजखंडानंतर तपासणी करावी अशी नोंद मी रजिस्टरात केली, आणि पॅचसाठी ‘गळीत संपल्यापासून पंधरा दिवस’ अशी मुदत लिहून तीवर कार्यकारी संचालकांची सही घेतली. मुदतीवाचून केलेला तात्पुरता बंदोबस्त कायमचा होऊन बसतो, हा आमच्या सरकारी इमारतींइतकाच संगणकांचाही अनुभव आहे.

6 एप्रिलच्या रात्री जे घडले त्याने या हिशेबाची एक बाजू मलाही नव्याने दिसली. इराणमधील स्विच एकाएकी कोरे झाले, त्यांच्या संरचनेच्या जागी अमेरिकेच्या झेंड्याचे चित्र आणि ‘आमच्या निवडणुकांत ढवळाढवळ करू नका’ अशा अर्थाचा संदेश उमटला. तेथील मंत्रालयाने जगभरातील सुमारे दोन लाख स्विचांना झळ लागल्याचे आणि त्यांपैकी साडेतीन हजार इराणातील असल्याचे सांगितले. आदल्याच दिवशी सिस्कोच्या ‘टालोस’ या संशोधन विभागाने असे 1,68,000 स्विच उघड्यावर असल्याचे जाहीर केले होते. सर्वांनी दोष दिला तो मार्चमधल्या त्या 9.8 च्या दोषाला. परंतु बारकाईने पाहता, संरचना पुसण्यासाठी त्या दोषाची गरजच नव्हती. ओळख न विचारणारी ती सोय आपल्या मूळ स्वभावानुसार कोणाचाही हुकूम मानत असे, आणि तिच्या या गैरवापराविषयी कंपनीने फेब्रुवारी 2017 मध्येच इशारा दिला होता. पॅच लावून सोय मात्र चालू ठेवणाऱ्याच्या पेटीतील मार्चचा दोष नाहीसा झाला असता, ती संरचना पुसणाऱ्यापुढे मात्र उघडीच राहिली असती; `no vstack` लिहिणाऱ्याने, पॅच न लावताही, दोन्ही दारे बंद केली होती. पॅच म्हणजे खरा उपाय आणि बंदोबस्त म्हणजे वेळ मारून नेणे, अशी जी प्रतवारी आपण मनाशी करतो ती येथे उलटी पडली.

तरीही हा न्याय सर्वत्र लागू करण्याचा मोह मी टाळतो. 16 ऑक्टोबर 2023 रोजी याच कंपनीच्या पेट्यांतील वेब-व्यवस्थापनाचा दोष जाहीर झाला. त्याला दहापैकी दहा गुण होते, पहिल्या दुरुस्त आवृत्त्या आल्या त्या 22 ऑक्टोबरला, आणि हल्ले मात्र सूचनेच्या आधीपासून चालू होते. तेथे वेब-व्यवस्थापन बंद करणे हाच सहा दिवस एकमेव मार्ग होता, आणि तोही पुरेसा नव्हता. कारण हल्लेखोरांनी आत शिरून `cisco_tac_admin` यांसारख्या भारदस्त नावांची खाती उघडून ठेवली होती. त्यांनी पेरलेला कोड पेटी बंद-चालू करताच जात असे, ती खाती मात्र तशीच राहत. चोर घरात शिरल्यानंतर कुलूप बदलण्याची निकड कमी होत नाही, पण आधी कपाटामागे पाहावे लागते. ज्यावाचून पेटी आपले कामच करू शकत नाही अशा भागात दोष असेल, तर बंद करण्याजोगे काही उरतच नाही. त्या वेळी मी काट्याच्या कारकुनाची मनधरणी करून पाळी बदलण्याच्या वेळेतील अर्धा तास मागून घेतो.

आमच्या कारखान्याचे गळीत मे महिन्यात आटोपले. त्यानंतर तेरा पेट्यांवर नवी आवृत्ती एकेक करून, जनरेटर चालू ठेवून, चढवली. त्यातली एक बंद पडलीच, पण तेव्हा काट्यापुढे गाडी नव्हती. गोदामातली पेटी मात्र भंगारात गेली.

20 ऑगस्ट 2025 रोजी अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला की, रशियाच्या एका गुप्तहेर शाखेची माणसे 2018 सालचा हाच दोष वापरून स्विचांमध्ये शिरत आहेत. सात वर्षे झाली, तरी दारे उघडीच होती. ज्या वाचकांकडे एखाद्या पतसंस्थेच्या, शाळेच्या वा रुग्णालयाच्या अशा पेट्यांची जबाबदारी असेल, त्यांनी हा अंक मिटण्यापूर्वी `show vstack config` एवढे विचारून पाहावे.