परीक्षेची भीती: घटक किती?

४ ऑगस्ट
नववीच्या परीक्षा-चिंता चाचणीची उत्तरं भरून झाली. विधानं २०, मुलं ४००. मनात दोनच घटक: काळजीचे विचार आणि अंगाची धडधड. लीबर्ट आणि मॉरिस यांची १९६७ची विभागणी.

५ ऑगस्ट
आयगेन व्हॅल्यू: ५.८, २.२, १.४१, १.१६, १.०८, १.०२. बाकीच्या एकच्या खाली. कायझरचा नियम लावला तर सहा घटक. पण प्रत्येक विधानाचं विचरण १ धरलेलं, सगळ्यांची बेरीज २०. १.०२चा घटक जेमतेम एका विधानाएवढा. त्याला नाव तरी काय द्यायचं?

६ ऑगस्ट
स्क्री प्लॉट काढला. मला उतार तिसऱ्यानंतर सपाट दिसतो, मॅडमना दुसऱ्यानंतर. चहा गार झाला.

७ ऑगस्ट
हॉर्नची पद्धत, १९६५ची.

```
fa.parallel(d, fa="pc", n.iter=500)
```

२० स्तंभ, ४०० ओळी, आकडे निव्वळ यादृच्छिक. त्यातही पहिली आयगेन व्हॅल्यू १.४२ येते, मग १.३४, १.२८, १.२३. नुसत्या योगायोगाने एवढी उंची मिळते, तर एकची रेघ कशाला? आपली तिसरी १.४१, वर राहते. चौथी १.१६, खाली. तीन घटक. दोन नाहीत.

१० ऑगस्ट
तीन घटक काढले, ऑब्लिमिनने फिरवले. काळजी आणि धडधड हातात हात घालून येतात, त्यांना काटकोनात बसवणं खोटं ठरलं असतं. ‘पेपर हातात येताच छाती धडधडते’ याचं लोडिंग धडधडीवर ०.७१. वर्ग केला की साधारण निम्मं विचरण. ०.३ला आपण ‘ठीक’ म्हणतो, तिथे हाच हिशेब ९ टक्क्यांवर येतो.

तिसऱ्या घटकावर चार विधानं. दोन काळजीची, दोन धडधडीची. चारही ‘नाही’ने संपणारी.

११ ऑगस्ट
मूळ कागद उपसले. एका मुलाने ‘निकालाची भीती वाटते’ आणि ‘निकालाची भीती वाटत नाही’, दोन्हींपुढे ‘पूर्ण सहमत’. असे बरेच. आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी. घाईत वाचणारा तिथवर पोचतच नाही.

१२ ऑगस्ट
असे कागद बाजूला ठेवून पुन्हा चालवलं. तिसरी १.२४, आता यादृच्छिक रेषेखाली. मॅडम खूश. मी अर्धवट. कागद मीच निवडून काढले, मग उत्तर मला हवं तेच येणार. शिवाय वाक्यरचनेचा घटक आणि ‘निर्धास्तपणा’ नावाचा खरा घटक, दोन्ही लोडिंगच्या तक्त्यात अगदी सारखेच दिसले असते.

१४ ऑगस्ट
ठरलं. चारही विधानं नकार काढून लिहायची: ‘पेपरच्या आदल्या रात्री शांत झोप लागते.’ अर्थ उलटाच, ‘नाही’ मात्र नाही. निर्धास्तपणा खरा असेल तर तिसरा घटक टिकेल. दुसऱ्या शाळा, नवी मुलं. तोवर अहवालात दोन घटक, आणि तिसऱ्याचं लोडिंगही छापायचं. मॅडमना ते परिशिष्टात हवंय. मला मुख्य तक्त्यात.